उत्तर भिंतीवरचा मल्लितम्म

कर्नाटकात हासन जिल्ह्यातल्या नुग्गेहळ्ळी गावी लक्ष्मीनरसिंहाचे देऊळ आहे. होयसळ राजा सोमेश्वराच्या काळात बोम्मण्ण दंडनायक नावाच्या सेनापतीने ते १२४६ मध्ये बांधवले. पूर्वाभिमुख देवळाला प्रदक्षिणा घालू लागले की आधी दक्षिणेची भिंत लागते. तिथल्या मूर्तींवर ज्याचे नाव आहे त्याला बैचोज म्हणत, आणि तो स्वतःला नंदी गावचा म्हणवतो. मागून वळसा घालून उत्तरेच्या भिंतीपाशी आले की नाव बदलते. इकडे मल्लितम्म आहे. एका देवळाच्या दोन बाजू दोन शिल्पकारांनी वाटून घेतल्या होत्या, आणि ही वाटणी त्यांनी स्वतःच मूर्तींच्या पायथ्याशी लिहून ठेवली आहे.

बहुतेक प्रवासी मान वर करून मूर्तींचे चेहरे, दागिने, वरच्या पानांच्या महिरपी बघतात. सह्या मात्र खाली, मूर्तीच्या पीठावर असतात. अक्षरे बारीक, जुन्या कन्नड वळणाची, आणि दुपारच्या उन्हात जवळजवळ दिसेनाशी होणारी. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा खाचेत सावली बसते आणि अक्षर उठून येते. ऊन नसेल तर विजेरी बाजूने धरायची. नीट वाचायचे तर ठसा घ्यावा लागतो. कुंचल्याने आणि पाण्याने दगड स्वच्छ करायचा, ओला कागद त्यावर चिकटवायचा, ब्रशने ठोकून ठोकून तो खाचांत बसवायचा आणि मग शाईच्या बोंडाने वरून हलके थापटायचे. खाचेत गेलेला कागद पांढरा राहतो, बाकीचा काळा होतो, आणि शतकानुशतके साचलेल्या तेलामेणाखाली नुसत्या डोळ्यांना न दिसणारी एखादी वेलांटी कागदावर स्पष्ट उतरते. होयसळ शिल्पकारांची जी काही माहिती आज आपल्याकडे आहे, तिचा मोठा भाग अशा ठशांमधून आला आहे. बी. एल. राइस यांनी जुन्या म्हैसूर संस्थानातले कोरीव लेख ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या खंडांतून छापले. त्यांच्यानंतर त्या खात्याची धुरा आर. नरसिंहाचार यांच्याकडे आली. १९१७ मध्ये त्यांनी सोमनाथपूरच्या केशव मंदिरावर पुस्तक काढले आणि त्यात कोणत्या शिल्पकाराच्या किती मूर्ती, याची मोजदाद दिली.

त्या मोजदादीचा उपयोग पुढे बघू. आधी अडचण समजून घ्यायला हवी. सहीत नाव असते, पण तारीख नसते. मल्लितम्म कधी जन्मला, कधी काम करत होता, कोणी त्याला बोलावले, यातले काहीच त्या दोन-चार अक्षरांत नाही. उलट देवळाच्या दाराशी जो मोठा दानलेख उभा असतो त्यात तारीख असते, राजा असतो, दान देणाऱ्याचे कूळ असते, देवाच्या नैवेद्याला कोणते शेत लावून दिले तेही असते. नसते ते मूर्ती घडवणाऱ्याचे नाव. म्हणजे एका लेखात माणूस आहे पण काळ नाही, आणि दुसऱ्यात काळ आहे पण तो माणूस नाही. अभ्यासकाचे काम हे दोन्ही लेख एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याचे.

मराठी वाचकाला ही जोडणी नवी वाटू नये, कारण तिचा एक नमुना रायगडावर आहे. जगदीश्वराच्या देवळात एक संस्कृत श्लोकबद्ध शिलालेख आहे. त्यात शक सरळ आकड्यांत दिलेला नसून ‘षण्णवबाणभूमि’ अशा शब्दांत गुंफलेला आहे. षट् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ, मदनाचे बाण पाच, आणि भूमी एक. असे आकडे उलट्या क्रमाने मांडायचे असतात. तसे मांडले की शके १५९६ मिळतो, म्हणजे १६७४, राज्याभिषेकाचे वर्ष. गडावर कोणकोणती कामे झाली त्यांचीही यादी त्याच लेखात आहे: विहिरी, तळी, बाग, खांब, हत्तींची जागा, राजवाडे. करणाऱ्याचे नाव ‘हीराजि’ असे, संस्कृताच्या साच्यात बसवलेले. आणि मग पायरीवर वेगळाच लेख, साध्या मराठीत: ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’. पहिल्या लेखाने वर्ष आणि कामे दिली, दुसऱ्याने त्या माणसाचे रोजच्या व्यवहारातले नाव दिले. दोन्ही एकाच देवळात असल्यामुळेच हीराजि आणि हिरोजी एकच, असे आपण खात्रीने म्हणू शकतो. यातली आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपण सर्रास ‘हिरोजी इंदुलकर’ म्हणतो, पण पायरीवरच्या दगडात ‘इटळकर’ आहे. घरदार विकून गड बांधला आणि बक्षीस म्हणून फक्त पायरीवर नाव मागितले, ही आपल्या सगळ्यांना भावणारी कथाही त्या दोन लेखांत नाही. ती परंपरेने आली आहे. तिच्यावर प्रेम करायला हरकत नाही, पण चरित्र लिहिताना ती वेगळ्या रकान्यात मांडावी लागते.

आता पुन्हा होयसळांकडे वळू. काही सह्या मल्लितम्माइतक्या मितभाषी नसतात. बेलूरचे चेन्नकेशव मंदिर विष्णुवर्धन राजाने १११७ मध्ये उभे केले. तिथे छज्जाखाली तिरप्या बसवलेल्या मदनिका प्रसिद्ध आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या खाली शिल्पकारांनी मोकळ्या हाताने लिहिले आहे. बळ्ळिगावेचा दासोज आहे. त्याचा मुलगा चावण आहे, आणि तो आपल्या सहीत बापाचे नाव आणि गाव दोन्ही सांगतो. काहींनी नावाआधी बिरुदेही लावली आहेत, आणि त्यांचा रोख बहुतेक एकच असतो: बिरुदे मिरवणाऱ्या इतर शिल्पकारांवर मी मात करतो. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या या लोकांची आपापसातली चुरस किती उघड होती, हे त्यातून कळते.

या नावांचे घटक सुटे करून बघितले की आणखी थोडे हाती लागते. ‘रूवारि’ हा शिल्पकारासाठीचा कन्नड शब्द संस्कृत ‘रूपकारी’वरून आलेला. दासोज, बैचोज यांतला शेवटचा ‘ओज’ हा ‘उपाध्याय’ शब्दाचा झिजलेला अवतार आहे. उपाध्यायाचा ‘ओवज्ज’, त्याचा ‘ओज’. आपल्याकडच्या वझे आडनावाचे मूळही उपाध्यायातच सांगितले जाते. म्हणजे दासोज हा केवळ दास नावाचा पाथरवट नव्हे. शिकवण्याचा अधिकार असलेला, हाताखाली माणसे असलेला तो गुरू होता, किंवा निदान अशा गुरूंच्या घराण्यातला होता. चावणाच्या सहीतून बाप-लेक एकाच कामावर होते हेही दिसते. विद्या घरातून चालत आली, असे आपण कारागिरांबद्दल सहज बोलून जातो. इथे त्याचा लेखी पुरावा आहे.

माझ्या मते या सह्यांमधला सर्वांत बोलका शब्द म्हणजे गावाचे नाव. आपल्याच गावात राहून काम करणारा माणूस सहसा गाव लिहीत नाही. सगळ्यांना ते ठाऊकच असते. ‘बळ्ळिगावेचा’ असे लिहिणारा बेलूरमध्ये परका आहे. बळ्ळिगावे हे आजच्या शिमोगा जिल्ह्यात, त्या काळी कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेतले मोठे केंद्र. बेलूरच्या कामावर गदगकडचे लोकही आले होते, तोही चालुक्यांचाच मुलूख. होयसळ तेव्हा नुकते मोठे होत होते आणि नाममात्र का होईना, चालुक्यांचे मांडलिक होते. राजाला आपल्या वैभवाला शोभेल असे देऊळ हवे होते आणि कसलेले हात होते उत्तरेला. म्हणून ते बोलावून आणले. हे स्थलांतर कोणत्याही राजाच्या प्रशस्तीत नोंदलेले नाही. ते मदनिकेच्या पायाशी कोरलेल्या एका ग्रामनामात आहे.

शिल्पकाराचे आयुष्य थेट दात्याच्या लेखातून कळते असे प्रसंग फार थोडे, आणि त्यातला सर्वांत मानाचा होयसळांच्याही चारशे वर्षे आधीचा आहे. बदामीच्या चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिने आठव्या शतकात पट्टदकलला, नवरा विक्रमादित्य दुसरा याने कांची तीनदा जिंकल्याप्रीत्यर्थ, आज विरूपाक्ष म्हणून ओळखले जाणारे देऊळ बांधवले. तिथल्या कन्नड लेखात सूत्रधार गुंड याचे नाव आहे. त्याला अनिवारिताचारि असेही म्हटले आहे. त्याला ‘त्रिभुवनाचारि’ हे नाव आणि डोक्याला बांधायचा मानाचा पट्टा दिला गेला, असे तो लेख सांगतो. दुसऱ्या लेखात सर्वसिद्धि आचारि नावाच्या सूत्रधाराची स्तुती आहे. अनेक नगरे आणि वास्तू यांचा तो पितामह. घरे, महाल, वाहने, आसने, शय्या यांच्या रचनेत निष्णात. आणि मग एक छोटे बिरुद: ‘तेंकण दिसेय सूत्रधारि’, दक्षिण दिशेचा सूत्रधार.

या दोन शब्दांवर अभ्यासकांची मते वेगळी पडतात. दक्षिण दिशा म्हणजे दक्षिणेचा देश? तसे असेल तर हा माणूस तिकडच्या बांधणीत मुरलेला, आणि विरूपाक्ष देवळाची द्राविड घडण त्याच्यामुळे आली, असे म्हणता येते. की दक्षिण दिशा म्हणजे देवळाची दक्षिण बाजू? जवळच्या पापनाथ देवळावर रेवडि ओवज्ज याची सही आहे. ‘सर्वसिद्धि’ आचार्यांशी नाते सांगून त्याने ‘दक्षिण दिशा केली’, असे तो म्हणतो. कोणी एक माणूस देश ‘करत’ नाही, बाजू करतो. आणि पाचशे वर्षांनंतर नुग्गेहळ्ळीला बैचोज दक्षिण भिंत करतो, मल्लितम्म उत्तर भिंत. देवळाची बाजू वाटून घेण्याची रीत इतकी स्पष्ट दिसत असताना मला दुसरा अर्थ जास्त पटतो. मग सर्वसिद्धि हा संपूर्ण देवळाचा कर्ता राहत नाही, गुंडाबरोबरचा अर्ध्या कामाचा धनी ठरतो. शिवाय पापनाथवर आचार्यांचा उल्लेख अनेकवचनी आहे. तेव्हा ‘सर्वसिद्धि’ हे एका व्यक्तीचे नाव की एका परंपरेचे, हाही प्रश्न उभा राहतो. एका शब्दाचा अर्थ बदलला की एका माणसाचे चरित्र निम्मे होते, किंवा दोन माणसांत वाटले जाते.

अशी कोरीव नावे असतानाही लोकांच्या तोंडी वेगळेच नाव बसते. कर्नाटकात कोणालाही विचारा, बेलूर-हळेबीडची देवळे कोणी घडवली? उत्तर येते, जकणाचारीने. त्याची कथाही मोठी गोड आहे. बायकोला सोडून देशोदेशी देवळे घडवत फिरणारा हा शिल्पी. बापाच्या शोधात निघालेला मुलगा डंकण बेलूरला येतो आणि तयार मूर्तीच्या दगडात दोष आहे म्हणतो. मूर्तीला चंदन फासतात. सगळीकडचे वाळते, बेंबीपाशी ओले राहते. तिथे छिन्नी लावताच आतून पाणी, वाळू आणि जिवंत बेडूक निघतो. ती मूर्ती बेलूरच्या आवारात आजही ‘कप्पे चेन्निगराय’ म्हणून दाखवतात. ‘कप्पे’ म्हणजे बेडूक. पण बेलूरच्या इतक्या सह्यांमध्ये जकणाचारी कुठेच नाही. ज्यांनी दगडावर नाव कोरले ते दासोज आणि चावण विस्मरणात गेले, आणि ज्याची एकही सही नाही तो घरोघरी पोहोचला.

आपण तरी कुठे वेगळे आहोत? महाराष्ट्रात जुने, चुन्याशिवाय रचलेले दगडी देऊळ दिसले की आपण ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्र यांच्या काळातला मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा शिलाहारांचा लेख आहे. हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे ते देऊळ, तेही लोकांनी हेमाडपंती ठरवले. मंत्र्याच्या नावाखाली कितीतरी पाथरवटांच्या पिढ्या गडप झाल्या. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टचाही यात थोडा हात असावा. त्यात बारीक अक्षर काढणे जिकिरीचे. होयसळांचा दगड शंखजिऱ्याच्या जातकुळीतला. खाणीतून काढला तेव्हा मऊ आणि हवा लागत गेली की टणक होणारा. मूर्ती घडवून झाल्यावर पीठावर आणखी चार अक्षरे कोरायला फारसे कष्ट पडत नसत.

आता मल्लितम्माचा हिशेब मांडू, कारण चरित्र जुळवताना कुठे कुठे पाय घसरतो ते त्याच्या उदाहरणात सर्वांत चांगले दिसते.

त्याचे नाव पहिल्यांदा भेटते ते तरीकेरेजवळच्या अमृतपुरला, अमृतेश्वराच्या देवळात. तिथल्या मंडपाच्या घुमटाकार छतांवर त्याने काम केले. हे देऊळ दुसऱ्या वीर बल्लाळाच्या काळातले, ११९६ चे. तिथला मोठा दानलेख जन्न या कन्नड कवीने रचला आहे. कवीचे नाव दाराशी आणि शिल्पकाराचे छताशी, असा हा योग. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १२३५ च्या सुमाराला, हारनहळ्ळीत मल्लितम्म आहे. १२४६ मध्ये नुग्गेहळ्ळीच्या उत्तर भिंतीवर आहे. त्याच सुमारास जावगलला आहे. आणि शेवटी म्हैसूर जिल्ह्यात कावेरीकाठच्या सोमनाथपूरला, सोमनाथ दंडनायकाने बांधवलेल्या केशव मंदिरात. त्या देवळाचे साल काही ठिकाणी १२५८ दिले जाते, काही ठिकाणी १२६८. अमृतपुरपासून सोमनाथपूर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मधल्या साऱ्या प्रदेशात, वेगवेगळ्या सेनापतींच्या आणि धनिकांच्या कामांवर हा माणूस दिसतो. कधी विष्णूच्या देवळावर, कधी शिवाच्या. म्हणजे तो कोणा एका दात्याच्या किंवा एका पंथाच्या पदरी बांधलेला नव्हता. इथवर चित्र सुरेख जुळते. पुस्तकांतूनही साठ वर्षांहून मोठी कारकीर्द असलेला होयसळांचा श्रेष्ठ शिल्पी, अशीच त्याची ओळख दिली जाते.

पण बेरीज करून बघा. अमृतपुरला छताचे काम मिळाले तेव्हा तो अगदी कोवळा, वीस वर्षांचा होता असे धरू. नुग्गेहळ्ळीला तो सत्तरीचा होतो. सोमनाथपूरला, लवकरचे साल धरले तर ब्याऐंशीचा, उशिराचे धरले तर ब्याण्णवचा. दीर्घायुषी माणसे तेव्हाही असणार, त्यामुळे एवढ्यावरून काही मोडत नाही. खरी शंका नरसिंहाचारांच्या मोजदादीने येते. सोमनाथपूरच्या बाहेरच्या भिंतींवर मोठ्या मूर्ती एकशे नव्वदहून अधिक आहेत. सह्या आठ-नऊ जणांच्या: बालेय, चौडेय, बामय, मसणितम्म, भर्मय, नंजय आणि आणखी काही. या सगळ्यांत जास्त, चाळीसच्या घरात मूर्ती, मल्लितम्माच्या नावावर आहेत. नव्वदीच्या आसपासचा म्हातारा नजर रोखून, हातात हातोडा-छिन्नी घेऊन तरुण सोबत्यांपेक्षा कितीतरी जास्त मूर्ती घडवतो, हे मानायला जड जाते.

यातून वाटा तीन निघतात. पहिली म्हणजे मल्लितम्म दोन. हे नाव दुर्मीळ नाही. ‘मल्लि’ मल्लिकार्जुनावरून, आणि ‘तम्म’ म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे तशी तिकडेही आहे. अमृतपुरचा आजोबा आणि सोमनाथपूरचा नातू असे असेल तर सगळी वर्षे आरामात बसतात. दुसरी वाट, सही हाताची नसून चमूची असणे. दासोज ‘ओज’ होता, तसा मल्लितम्मही उतारवयात दहा-वीस जणांच्या चमूचा प्रमुख झाला असेल. आखणी त्याची, अवघड जागा त्याच्या, बाकी काम शिष्यांचे आणि पीठावर नाव मालकाचे. तिसरी वाट तारखेकडे जाते. दानलेखातले वर्ष म्हणजे देवाची प्रतिष्ठा झाली किंवा जमीन लावून दिली ते वर्ष. मूर्तीवर छिन्नी चालली ते वर्ष तेच असेल असे नाही. गाभाऱ्यात देव बसला की दान नोंदले जाते. मंडप मागाहून होतो, छत त्याहून मागाहून. अमृतपुरचे छत ११९६ च्या पंधरा-वीस वर्षांनी पुरे झाले असे दाखवता आले, तर मल्लितम्माच्या वयातून तेवढी वर्षे एका झटक्यात उतरतात आणि एकच माणूस धरायला अडचण उरत नाही.

यांतली कोणती वाट खरी, हे अक्षरांच्या वळणावरून ठरवता येईल असे वाटते, पण तसे होत नाही. लिपीचे वळण शतकाचा अंदाज देते. एका माणसाच्या आयुष्याएवढ्या कालावधीत पडणारा फरक इतका सूक्ष्म असतो की दोन-चार अक्षरांच्या सहीवर तो तोलता येत नाही. मग मूर्तीच तपासावी लागते. ती तपासताना चेहरा, मुद्रा, देवता अशा ठळक गोष्टी उपयोगी पडत नाहीत, कारण त्या शास्त्राने आणि दात्याने ठरवलेल्या असतात. शिल्पकाराची सवय उघडी पडते ती कोणाचे लक्ष नसलेल्या जागी. पायाची बोटे कशी संपवली, कानाची पाळी कुठे वळवली, कमरेच्या साखळीचे घोस सरळ लोंबतात की मांडीवर चढतात, डोक्यावरच्या झाडाची पाने एकावर एक कशी रचली. आधी सही असलेल्या मूर्तींच्या अशा खुणा नोंदवायच्या, मग त्याच देवळातल्या दुसऱ्या सहीच्या मूर्तींशी ताडायच्या, आणि त्यानंतरच दुसऱ्या गावच्या मल्लितम्माकडे जायचे. नुग्गेहळ्ळी या कामाला फार सोयीचे आहे. दगड एक, वर्ष एक, दाता एक, आणि हात फक्त दोन. तिथे दक्षिण आणि उत्तर भिंतींत जो फरक सापडेल तो त्या दोघांमधलाच असणार. तो मनात पक्का करून हारनहळ्ळीला आणि मग सोमनाथपूरला गेले तर काही बोलता येईल. उलट क्रमाने गेले, सोमनाथपूरच्या चाळीस मूर्तींवरून सुरुवात केली, तर चमूतल्या पाच-सहा हातांची सरासरीच ‘मल्लितम्माची शैली’ म्हणून गळ्यात पडण्याची भीती.

आणखी एक खाच आहे. मल्लितम्म दर वेळी पूर्ण नाव लिहीत नाही. कधी ‘मल्लि’ एवढेच लिहितो, आणि कधी नुसते ‘म’. बेलूरची बिरुदे ज्या हौसेने कोरली होती ती हौस इथे दिसत नाही. हे ‘म’ मला कामाच्या हिशेबातल्या खुणेसारखे वाटते. इतक्या मूर्ती, इतके कारागीर, कोणी किती केल्या हे कळायला हवे, म्हणून प्रत्येक पीठावर खूण. दासोजाला आपले नाव जगाने वाचावे असे वाटत होते. ‘म’ लिहिणाऱ्याला ते मोजणाऱ्यापुरते कळले तरी चालणार होते. पण मोजणाऱ्याला जे उघड होते ते आपल्याला नाही. सोमनाथपूरच्याच यादीत मसणितम्म आहे, आणि त्याचेही पहिले अक्षर ‘म’च. ज्या मूर्तीखाली एकटा ‘म’ आहे तिथे आपण तो मल्लितम्माचा धरतो, कारण त्याची पूर्ण नावे जास्त आहेत. जास्त असलेल्यालाच उरलेलेही द्यायचे, असा हा न्याय आहे, आणि त्यात मसणितम्मावर अन्याय होत असण्याची शक्यता खरी आहे. माझ्या मनातून विचाराल तर केवळ ‘म’ असलेल्या मूर्ती दोघांपैकी कोणाच्याच खात्यावर घालू नयेत. पायाची बोटे आणि पानांची रचना बघून होईपर्यंत त्या वेगळ्या ठेवाव्यात. त्यामुळे चाळीसचा आकडा थोडा खाली येईल, आणि म्हाताऱ्या मल्लितम्माच्या खांद्यावरचे ओझेही.

सोमनाथपूरच्या दाराशी उभी असलेली शिळा माणसापेक्षा उंच आहे. तिच्यावर सोमनाथ दंडनायकाचे कूळ आणि देवाला लावून दिलेली उत्पन्ने कोरली आहेत. ती मागे टाकून ओसरीतून चौकात उतरायचे, चांदणीच्या आकाराच्या जोत्यावर चढायचे आणि मूर्तींच्या पायांशी नजर ठेवून चालायचे. एका पीठावर ‘मल्लितम्म’ लागते. पुढे कुठे मसणितम्म. मग एखाद्या पीठावर, कडेला, एकच अक्षर.